साडेनऊ ते दोन, बाळ तुझ्याकडे

आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी आईकडे जाते. तिथेच बाळ होतं, सव्वा महिना शेक-शेगडी होते, मालीशवाल्या बाई येतात, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर होते. मग दीड-दोन, कधी तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती आपल्या घरी परतते. या पद्धतीने बाईला हक्काची विश्रांती मिळवून दिली आहे आणि तिचं मोल मी कमी लेखत नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट राहून जाते. या सगळ्या काळात बाळाचा बाबा शनिवारी येतो, बाळाला मांडीवर घेतो, फोटो काढतो आणि रविवारी रात्रीची गाडी पकडतो. ढेकर कसा काढायचा, भुकेचं रडणं कोणतं आणि पोटदुखीचं कोणतं, ओलं दुपटं बाळाला फारसं न जागवता कसं बदलायचं, हे सगळं रात्री दोन वाजता शिकायचं असतं. नेमक्या त्या वेळी तो तिथे नसतो.

त्यामुळे दोघं पुन्हा एका छपराखाली येतात तेव्हा एकीला सगळं येत असतं आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच येत नसतं. रात्री बाळ कुरकुरलं की ज्याला येतं तोच उठतो. दूध पाजायचं तर तिलाच, मग दोघांनी कशाला जागायचं, असा विचार दोघंही करतात आणि तो त्या वेळी रास्तही वाटतो. पंधरा-वीस दिवसांत ती घराची रीत होऊन बसते. इथे कोणी कोणावर मुद्दाम अन्याय केलेला नसतो. तरी रोज रात्री एकच माणूस जागतो, आणि तोच नुकताच बाळंतपणातून उठलेला असतो.

ही रीत कशी बदलायची, आणि ती बदलायला नवऱ्याला सांगायचं कसं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. सांगणं अवघड जातं, कारण सांगण्याची गरज जेव्हा सर्वांत जास्त असते तेव्हाच नीट सांगण्याची ताकद सर्वांत कमी असते.

आधी नेमकं काय मागायचं ते पाहू. नवजात बाळ चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपतं, पण सलग झोपत नाही. दोन-तीन तासांनी उठतं, कारण पोट लहान असतं आणि अंगावरचं दूध लवकर पचतं. दिवसभरात 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. रात्र आणि दिवस यांतला फरक बाळाच्या शरीराला कळायला साधारण दोन-तीन महिने जातात. एकदा उठलं की पाजणं, ढेकर काढणं, लंगोट किंवा डायपर बदलणं आणि पुन्हा झोपवणं, यात पाऊण तास सहज जातो. म्हणजे पुढच्या उठण्यापर्यंत आईच्या वाट्याला दीड-दोन तास उरतात, आणि डोळा लागायला वेळ लागला तर तेवढेही नाहीत.

मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. शरीराला खरी विश्रांती देणारी गाढ झोप रात्रीच्या पहिल्या दोन-तीन आवर्तनांत जास्त येते. तोच भाग तुकड्यांत गेला तर एकूण तास भरूनही माणूस ताजा होत नाही. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या आयांची एकूण झोप सरासरी सात तासांच्या घरात भरली होती. तास कमी नव्हते, पण ती झोप सगळी तुकड्यातुकड्यांची होती. ‘दुपारी झोपली होतीस ना, मग दमलीस कशाने?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याचं उत्तर या अभ्यासात आहे. म्हणून मागायचं ते जास्त तास नव्हे, तर चार-साडेचार तासांचा एक अखंड तुकडा. तो तिला मिळायला हवा, आणि सकाळी कामावर जायचं असतं म्हणून त्यालाही मिळायला हवा. एका रात्रीत दोघांचे दोन तुकडे बसतात.

ते कसे बसतात, हे एक घर डोळ्यांसमोर ठेवून पाहू. समजा, पुण्यात दोन खोल्यांचं घर आहे. बाळ पूर्ण दिवसांचं जन्मलेलं, आता सात आठवड्यांचं, वजन नीट वाढतंय. बाबा सकाळी साडेआठला घराबाहेर पडतो. आई रात्री नऊला बाळाला पोटभर पाजते आणि साडेनऊला आतल्या खोलीत जाऊन झोपते. तिथून रात्री दोनपर्यंत बाळ बाबाकडे. पाळणा त्याच्या अंथरुणाशेजारी, त्यामुळे बाळ झोपलेलं असेल तेव्हा तोही आडवा होतो. साधारण बाराच्या सुमाराला बाळ उठेल. त्या वेळी तो आधी काढून ठेवलेलं आईचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजेल, ढेकर काढेल, डायपर बदलेल आणि पुन्हा झोपवेल. दोन वाजता आई उठेल, बाबा आतल्या खोलीत जाईल आणि साडेसहापर्यंत सलग झोपेल. साडेसहाला तो पुन्हा तासभर बाळाला घेईल आणि तिला अजून थोडं पडता येईल. हिशेब केला तर दोघांनाही साडेचार तासांची अखंड झोप मिळते आणि वर एखादा लहान तुकडा.

यात कळीची गोष्ट ते बाराच्या वेळचं दूध आहे. सकाळी पहिल्या पाजण्यानंतर अंगावर दूध जास्त असतं, तेव्हा हाताने किंवा पंपाने काढता येतं. सात आठवड्यांच्या बाळाला एका वेळी साधारण 80 ते 100 मिलीलिटर पुरतं. एकदम एवढं निघालं नाही तर दोन-तीन वेळचं मिळून जमा करायचं, फक्त ताजं काढलेलं कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतण्यापूर्वी तेही गार करून घ्यायचं. उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ते फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवलं तर चार दिवस टिकतं. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत बाहेर चार तास चालतं, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ते बाहेर ठेवायचंच नाही असं धरलेलं बरं. पाजण्यापूर्वी भांडं गरम पाण्याच्या वाटीत ठेवून दूध कोमट करायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही. उष्टं उरलेलं पुन्हा वापरायचं नाही.

वाटी-चमचा म्हटलं की नव्या बाबांना भीती वाटते. बाळाला मांडीवर जरा उठतं धरायचं, चमचा खालच्या ओठाला टेकवायचा आणि बाळ आपण होऊन ओढून घेतं त्याची वाट पाहायची. तोंडात ओतायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाळ ओरडून लाल झाल्यावर हे जमत नाही, म्हणून रडण्याच्या आधीच्या खुणा ओळखाव्या लागतात: ओठ चाटणं, मान इकडेतिकडे वळवून शोधणं, मूठ तोंडात घालणं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तो उकळून पूर्ण स्वच्छ करता येतो. बाटल्या आणि दुधाच्या पावडरी यांच्या जाहिरातीवर भारतात 1992 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामागेही बाळांच्या पोटाच्या आजारांची हीच काळजी आहे.

ज्यांना दूध काढून ठेवणं जमत नाही, त्यांच्यासाठीही वाटणी आहे. बाळ उठलं की बाबा उचलून आईजवळ आणतो, ती कुशीवर पडूनच पाजते, पाजून झालं की बाबा बाळाला घेतो आणि ढेकर, डायपर, झोपवणं हे सगळं दुसऱ्या खोलीत करतो. आईचं जागणं पाऊण तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर येतं आणि तिला उठून बसावं लागत नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर भार देऊन रात्रीतून चार वेळा उठणं काय असतं, हे ज्या बाया जाणतात त्यांना या वीस मिनिटांची किंमत सांगायला नको.

आता सांगायचं कसं.

समोरासमोर बोलणं चांगलंच, पण थकलेल्या बाईला ते अनेकदा जमत नाही. पहिल्या वाक्याला गळा दाटून येतो आणि मग बोलणं राहतं बाजूला, समजूत काढणं सुरू होतं. घरात सासूबाई असतात, आई असते, पाहुणे असतात, त्यांच्यासमोर हा विषय निघत नाही. म्हणून मला लिहिणं बरं वाटतं. फोनवर चार ओळींचा मेसेज, नाहीतर फ्रिजवर चिठ्ठी. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, खोडता येतं, आणि समोरच्यालाही लगेच तोंड उघडावं लागत नाही.

मात्र लिहिण्याची वेळ आणि पाठवण्याची वेळ एक असू नये. झोप तुटली की मेंदूतला भीती आणि राग उठवणारा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवर घालणाऱ्या भागाची पकड सैल होते. हे प्रयोगांत दिसलेलं आहे. रात्री तीन वाजता लिहिलेला मेसेज असा असतो:

‘तुला काही फरकच पडत नाही. रोज रात्री मी एकटी मरते आणि तू खुशाल घोरतोस. बाळ काय माझं एकटीचं आहे? तुझ्या घरात कोणालाच माझी पडलेली नाही.’

यातला प्रत्येक शब्द त्या क्षणी खरा आहे आणि तो लिहून मोकळं होण्यात काही वाईट नाही. पण यात एकही अशी गोष्ट नाही जी तो आज रात्री करू शकेल. शिवाय त्याला उत्तर देण्यासारखं बरंच काही आहे: ‘फरक कसा पडत नाही’, ‘परवा मी उठलो होतो’, ‘माझ्या घरच्यांना मध्ये आणू नकोस’. तो या वाक्यांना उत्तर देत बसतो, भांडण घरच्यांवर जाऊन संपतं, आणि रात्री साडेनऊला बाळ पुन्हा तिच्याच कुशीत असतं.

याच्या उलटचा मेसेजही तितकाच निकामी ठरतो: ‘जमलं तर रात्री थोडी मदत करशील का? तुला त्रास होणार असेल तर राहू दे.’ हा वाचायला गोड आहे. तो मनापासून ‘हो, सांग ना, उठव मला’ असं उत्तर देतो आणि झोपतो. पण रात्री त्याला उठवायचं कामही तिच्याच अंगावर आलेलं असतं. हलवून, हाका मारून त्याला जागं करण्यापेक्षा आपणच पाजलेलं बरं असं तिला वाटतं, आणि सकाळी तो प्रामाणिकपणे म्हणतो, ‘अगं, उठवायचं ना.’

माझ्या मते मागण्यात प्रेम असावं, पण मागणं पुसट नसावं. रात्री मनात आलं ते नोट्समध्ये लिहून ठेवावं आणि सकाळी चहा झाल्यावर, बाळ झोपलेलं असताना पुन्हा लिहावं. ते साधारण असं होईल:

‘काल रात्री चार वेळा उठले. सलग दीड ताससुद्धा झोप झाली नाही. आज सकाळी बाळाला घेऊन उभी असताना क्षणभर डोळे मिटले, मला भीती वाटली. तूही दमतोस, दिसतंय मला. म्हणून दोघांना झोप मिळेल असं काहीतरी ठरवू या. आज रात्री साडेनऊ ते दोन बाळ तुझ्याकडे, मी आतल्या खोलीत झोपते. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलंय, बाराच्या सुमाराला लागेल. कसं पाजायचं ते संध्याकाळी दाखवते. दोन ते साडेसहा बाळ माझ्याकडे, तू झोप. शनिवारपर्यंत करून बघू, रविवारी बसून बोलू. चालेल?’

यात पहिल्यांदा काय घडलं ते आहे, त्याने काय केलं नाही याची यादी नाही. ‘चार वेळा उठले’ यावर वाद होत नाही. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द नाहीत, मैत्रिणीच्या नवऱ्याशी तुलना नाही, बाळंतपणात कोण भेटायला आलं नाही याचा जुना हिशेब नाही. भीती वाटली हे मात्र आहे आणि ते असायलाच हवं. आपली अवस्था सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, आणि ती लपवली तर समोरच्याला अंदाज येत नाही. ‘तूही दमतोस’ हे वाक्य खुशामतीसाठी नाही. ते खरं असतं आणि पुढे त्याच्याही झोपेचे तास दिलेले असल्यामुळे ते पोकळ राहत नाही. मग घड्याळाची वेळ आहे, त्या वेळात करायचं काम आहे, ते कसं करायचं हे दाखवण्याची तयारी आहे. शेवटी मुदत आहे. कायमचं काही मागितलं की माणूस बिचकतो, शनिवारपर्यंतचं मागितलं की करून बघतो.

अंगात एवढं लिहिण्याचंही त्राण नसेल तर एक ओळ पुरते: ‘आज साडेनऊ ते दोन बाळ तुझ्याकडे देऊन मी झोपू का? बाकीचं उद्या बोलू.’

पहिल्या दोन-तीन रात्री अडचणी येतात, आणि त्या कोणत्या हे आधी माहीत असलं की माणूस लवकर हार मानत नाही. सर्वांत मोठी अडचण आईच्याच बाजूला असते. ती आत जाऊन पडते पण झोपत नाही, भिंतीपलीकडचा प्रत्येक आवाज ऐकत राहते. बाळ दोन मिनिटं रडलं की बाहेर येते, त्याच्या हातून बाळ घेते, आणि बाळ शांत होतं. त्या क्षणी तिघंही एक धडा शिकतात, की बाबाला हे जमत नाही. तो मोडायचा तर तिला न येण्याची तयारी ठेवावी लागते. त्याला वीस मिनिटं लागतील, डायपर तिरका बसेल, अंगाईऐवजी तो क्रिकेटचं समालोचन म्हणेल. चालेल. दार लावून पंखा जोरात ठेवला की बारीक आवाज येत नाहीत.

पण दार लावायला मन तयार व्हावं म्हणून, कधी उठवायचंच हे आधी ठरवून ठेवावं. बाळाचं अंग तापलं आणि थर्मामीटरवर 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा वर आलं, श्वास फार जोरात चालला किंवा बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, बाळ नेहमीसारखं जागंच होत नसेल, किंवा दूध घ्यायलाच तयार नसेल, तर लगेच उठवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं असतं. हे चार-पाच नियम एका कागदावर लिहून पाळण्याजवळ लावले की आत झोपलेलीला खात्री असते आणि बाहेर जागणाऱ्याला आधार.

दुसरी अडचण बाबाची. तो फार लवकर उचलतो. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हालचालीची असते: कण्हणं, तोंड वाकडं करणं, हातपाय झटकणं, मध्येच एखादी किंकाळी, आणि हे सगळं डोळे मिटलेले असताना. ज्याने बाळाबरोबर रात्री काढलेल्या नाहीत त्याला वाटतं, उठलं. तो उचलतो आणि झोपलेलं बाळ खरंच जागं होतं. आवाज आला की हात पुढे करण्यापूर्वी एक-दोन मिनिटं फक्त पाहायचं. डोळे उघडे आहेत का, तोंड शोधतंय का. नसेल तर बहुतेक वेळा बाळ पुन्हा शांत होतं. एवढं एक कळलं तरी त्याच्या अर्ध्या अडचणी संपतात.

आणि ज्याची पाळी आहे त्याने बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत टेकून बसू नये. दमलेल्या माणसाला तिथे झोप लागते आणि बाळ गादीच्या खोबणीत किंवा हाताखाली दबू शकतं. डोळे जड झाले की बाळाला पाळण्यात किंवा कडक, सपाट अंथरुणावर उताणं ठेवायचं, आसपास उशी, लोड, जाड गोधडी नको. पाळी वाटून घेण्याचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण आहे. दोन रात्री न झोपलेल्या एकट्या माणसाच्या हातात बाळ असणं धोक्याचं आहे, ते माणूस कितीही मायेचं असो.

तिसरी अडचण घरातल्या वडीलधाऱ्यांची. ‘त्याला सकाळी कामावर जायचंय, त्याला कशाला जागवतेस’ हे वाक्य येतं, कधी सासूबाईंकडून तर कधी स्वतःच्या आईकडूनही. त्याला उत्तर सुनेने देऊ नये. मुलाने आपल्या आईला सांगावं: ‘आई, मीच ठरवलंय. मला दोन ते साडेसहा झोप मिळते, तेवढी पुरते.’ तो बोलला की विषय तिथेच थांबतो, ती बोलली की आठवडाभर चालतो. शिवाय वडीलधाऱ्यांना यात जागा आहे. पहाटे पाचला उठणाऱ्या आजीने सहापासून तासभर बाळाला घेतलं तर त्या घरात तिसरा तुकडा निघतो, आणि तो बहुतेक आज्यांना हवाच असतो.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. पहिल्या दोन आठवड्यांत, बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत, पाजण्यात तीन तासांपेक्षा मोठी फट पडू देऊ नये, त्यामुळे साडेचार तासांची पाळी तेव्हा लागू नाही. तेव्हा उचलून आणणं आणि ढेकर-डायपर एवढीच वाटणी करावी. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच वेळा ठरवाव्यात. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं सगळंच पाजणं बंद करू नये. एखादी वेळ सोडायला हरकत नाही, आणि छाती जड होऊन दुखायला लागली तर झोपण्यापूर्वी थोडं दूध काढून टाकावं. जिथे एकच खोली आहे तिथे पोटमाळ्यावर झोपता येतं का, शेजारच्या ओळखीच्या घरी चार तास पाठ टेकता येते का, हे पाहावं. नाहीच जमलं तर दुसरी, पडल्या पडल्या पाजण्याची वाटणी धरावी. बाबा पहाटे गाडी चालवणारा असेल तर त्याने कामाच्या दिवशी संध्याकाळी सात ते अकरा घ्यावेत आणि सुट्टीच्या आदल्या रात्री मोठी पाळी घ्यावी. अर्धवट झोपेत स्टिअरिंग धरण्याइतकी कुठलीच वाटणी महत्त्वाची नाही.

रजेचा प्रश्न येतोच. आईला कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. बाबासाठी खासगी नोकरीत असा सक्तीचा कायदा नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. बहुतेक जण ती जन्माच्या वेळी घेतात, जेव्हा आई माहेरी असते आणि तिच्याभोवती चार माणसं असतात. शक्य असेल तर ती ज्या आठवड्यात आई आणि बाळ घरी परततात त्या आठवड्यासाठी ठेवावी असं मला वाटतं. सकाळी कामावर जायचं नसताना रात्री शिकणं सोपं जातं. खासगी नोकरीवाल्यांनीही साठवलेली रजा याच आठवड्यात घालावी.

एक खूण मात्र ओळखायला हवी. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत डोळ्यांत पाणी येणं, मन हळवं होणं हे पुष्कळ बायांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी उतरत नसेल, बाळ झोपलेलं असताना आणि दुसरं कोणी त्याला सांभाळत असतानाही झोप लागत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर पाळ्यांनी हे भागणार नाही. हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं डॉक्टर देतात. सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा फोन नवऱ्यानेही करावा. तिच्या अंगात तेवढं बळ नसेल तर त्यानेच करावा.

हे वाचणाऱ्या बाबांना शेवटी एकच विनंती. तुमच्या फोनवर असा मेसेज आला, आणि कदाचित तो वर दिला आहे तितका नीटनेटका नसेल, रात्री तीन वाजता रागाने लिहिलेला असेल, तरी त्यातल्या शब्दांना उत्तर देऊ नका. ‘साडेनऊला घेतो. दूध कुठे ठेवलंय ते दाखव’ एवढंच लिहा आणि साडेनऊला हात धुऊन बाळ घ्या.